कोबी-फ्लॉवरच्या पानाचा फोटो: कसा काढावा, कसा वाचावा आणि त्यावरून फवारणी कशी ठरवावी

"कोबीवर काय पडलंय, जरा बघून सांगा" असं म्हणत येणारे फोटो मी बरीच वर्षं पाहतोय. दहापैकी सात-आठ फोटो सारखेच असतात. भर उन्हात, उभ्याने, वरून काढलेलं एखादं मोठं बाहेरचं पान असतं आणि त्याला भोकं पडलेली असतात. त्या फोटोवरून कीड ओळखता येत नाही. आज त्या रोपावर जिवंत अळी आहे की नाही, हेही कळत नाही. फवारणी मात्र त्याच संध्याकाळी झालेली असते.

गोंधळ होतो तो भोकामुळे. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची, म्हणजे डायमंड बॅक मॉथची, अळी सहसा पान आरपार खात नाही. ती बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूने हिरवा गर खरवडते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. त्यामुळे पानावर काचेच्या खिडकीसारखा पारदर्शक डाग दिसतो. पान वाढत गेलं की हा वाळलेला पापुद्रा ताणून फाटतो आणि तिथे भोक पडतं. म्हणजे आज दिसणारं भोक आठ-पंधरा दिवसांपूर्वीच्या खाण्याचं असू शकतं, आणि ते खाणारी अळी एव्हाना पतंग होऊन उडालेली असू शकते.

म्हणून या लेखात सगळा भर एकाच प्रश्नावर आहे: आज कोण खातंय, आणि किती?

## १. शेतात जाण्याआधी

सामान थोडंच लागतं: फोन, सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, रंगीत दोऱ्याचे तुकडे, वही-पेन आणि जमल्यास दहापट मोठं दाखवणारं भिंग. फोनची काच कापडाने पुसून घ्या. धुरकट येणाऱ्या निम्म्या फोटोंचं कारण खिशातली धूळ असते.

वेळ सकाळची निवडा, पण दव सुकल्यावरची. कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो. त्यावर दवाचे थेंब असले तर ते चमकतात आणि मावा झाकला जातो. दुपारच्या उन्हात पानाची शिर पांढरी फटक दिसते आणि फिकट हिरवी अळी त्यात हरवते. ऊन असलंच तर आपल्या अंगाची सावली पानावर पाडा.

इशारा: गेल्या काही दिवसांत काय फवारलं, हे वहीत आधी लिहा. तीन दिवसांपूर्वी फवारणी झालेली असेल तर फोटोतल्या अळ्या मेलेल्या आहेत की निपचित पडल्या आहेत, ते नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही.

## २. रोपं निवडणे

सगळ्यात खराब झालेल्या रोपाचाच फोटो काढायचा मोह होतो, आणि पहिली चूक इथेच होते. एका खराब रोपावरून शेताची स्थिती कळत नाही.

शेतात नागमोडी चाला. चार-पाच ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी चार-पाच रोपं बघा, म्हणजे एकूण वीस रोपं होतील. कडेच्या ओळींतली दोन-तीनच घ्या. मावा आणि पतंग दोघेही कडेने शिरतात, त्यामुळे कडेची रोपं नेहमी जास्त खराब दिसतात.

रोपापाशी पोचल्यावर न बघताच थांबा, म्हणजे पावलं मोजून जे रोप समोर येईल ते घ्या. डोळ्यांनी रोप निवडलं की नजर आपोआप भोकांकडे जाते.

## ३. प्रत्येक रोपाचे चार फोटो

क्रम महत्त्वाचा आहे. पानाला हात लावण्याआधी पहिले दोन फोटो काढायचे, कारण पान हलताच डायमंड बॅक मॉथची अळी धाग्याला लटकून खाली उतरते. मग आपण रिकाम्या पानाचा फोटो काढतो आणि "अळी नाही" असं समजतो.

पहिला फोटो: पूर्ण रोप, वरून, साधारण एक हातावरून. यात रोपाचं वय आणि गड्डा किती धरलाय ते दिसतं.

दुसरा फोटो: रोपाचा मध्य, म्हणजे कोंबाची आतली चार-पाच पानं. अळी आणि मावा दोघांनाही कोवळी पानं आवडतात, आणि पुढचा गड्डा इथूनच तयार होणार असतो.

तिसरा फोटो: मधल्या थरातल्या एका पानाची खालची बाजू. पान तोडू नका. एका हाताने देठापाशी धरून हळूच उलटा. देठापासून टोकापर्यंत पूर्ण पान फोटोत यायला हवं.

चौथा फोटो: त्याच पानावर जे काही जिवंत दिसतंय त्याचा जवळून फोटो, शेजारी पट्टी ठेवून. फोन अगदी पानाला चिकटवू नका. वीतभर अंतरावर धरा, दुप्पट झूम करा, आणि पडद्यावर नेमकं किड्यावर बोट टेकवून फोकस धरा. दोन-तीन फोटो काढा, त्यातला एक तरी स्पष्ट येतो.

तपासणी: चौथा फोटो तिथेच मोठा करून बघा. पानाच्या बारीक शिरा स्पष्ट दिसत नसतील तर किडाही स्पष्ट दिसणार नाही. पुन्हा काढा. कुणाला पाठवणार असाल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि अळीचे पाय नेमके तिथेच नाहीसे होतात.

## ४. अळी वाचणे

डायमंड बॅक मॉथची पूर्ण वाढलेली अळी जेमतेम दहा-बारा मिलिमीटर असते. रंग फिकट हिरवा असतो. शरीर मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळतं असतं. मागच्या टोकाचे दोन पाय फाकलेले असतात, फोटोत ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे दिसतात. शंका असेल तर गवताच्या काडीने हळूच डिवचा. ती जोरजोरात वळवळत मागे सरकते किंवा धाग्यावरून खाली लटकते. ही वळवळ तिची सर्वांत खात्रीची ओळख आहे, म्हणून शक्य असेल तेव्हा पाच सेकंदांचा व्हिडिओ घ्या.

अंड्यातून नुकती निघालेली अळी फोटोत दिसतच नाही, कारण ती पानाच्या आत शिरून गर खाते. बाहेरून एक बारीक, पांढुरकी, वेडीवाकडी रेघ तेवढी दिसते. तिसऱ्या फोटोत अशा रेघा भरपूर आणि अळ्या थोड्या असतील, तर अळ्यांची नवी पिढी नुकतीच सुरू झाली आहे. फवारणीच्या दृष्टीने ही माहिती सोन्यासारखी आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता खिडक्या बघा. ताज्या खिडकीचा पापुद्रा ओलसर आणि पारदर्शक असतो, तिची कड हिरवी असते आणि जवळ हिरवट ओली विष्ठा पडलेली असते. जुन्या खिडकीची कड तपकिरी आणि कडक झालेली असते, पापुद्रा फाटलेला असतो आणि विष्ठा वाळून काळपट झालेली किंवा गळून गेलेली असते. वीस रोपांत ताज्या खिडक्या चार आणि जुन्या चाळीस असतील, तर हल्ला ओसरतोय.

कोषाकडेही नीट पाहा. या पतंगाचा कोष पांढऱ्या, विरळ जाळीचा असतो आणि जाळीतून आतला हिरवा किंवा तपकिरी कोष दिसतो. याच पानावर कधी तीन-चार मिलिमीटरचा, तांदळाच्या कणीएवढा, घट्ट विणलेला आणि आरपार न दिसणारा कोष सापडतो. तो या अळीच्या पोटात वाढलेल्या परोपजीवी गांधीलमाशीचा असतो. तो आपल्या बाजूचा आहे. मोजणीत तो वेगळा लिहा.

ही अळी ओळखताना गोंधळ होतो तो मुख्यतः चार किडींशी:

- उंटअळी चालताना पाठीची कमान करते आणि आकाराने बरीच मोठी होते.
- पांढऱ्या फुलपाखराची अळी मखमली, बारीक केसाळ असते आणि सुस्त असते. डिवचलं तरी वळवळत नाही.
- तंबाखूवरील पाने खाणारी अळी लहानपणी घोळक्याने राहते. पानाची चाळण झाली असेल आणि एकाच ठिकाणी डझनभर अळ्या असतील, तर हिचा संशय घ्या.
- गड्डा पोखरणारी अळी कोंबातच शिरते, जाळं विणते आणि विष्ठेने तोंड बंद करते. दुसऱ्या फोटोत कोंब खाल्लेला आणि चिकटलेला दिसला तर ही अळी आहे, आणि तिथे थांबून चालत नाही. त्या रोपाला गड्डा नीट धरत नाही.

पानावर सुईने टोचल्यासारखी बारीक गोल भोकं सगळीकडे असतील तर ते पिसवा भुंग्याचं काम आहे. मोठी वेडीवाकडी भोकं आणि वाळलेली चंदेरी रेघ असेल तर गोगलगाय आहे. या दोन्हींवर अळीनाशक वाया जातं.

## ५. मावा वाचणे

मावा ओळखणं सोपं वाटतं, पण फोटोत सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

कोबीवरचा मावा राखाडी-हिरवा असतो आणि त्याच्या अंगावर पांढरी मेणचट पूड असते. पानाच्या खाली किंवा कोंबात तो दाट झुंडीने बसतो, त्यामुळे लांबून राख सांडल्यासारखं दिसतं. भुरी रोग समजून बुरशीनाशक मारल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. फोटो मोठा केल्यावर पाय आणि मिशा दिसल्या तर मावा, नाहीतर बुरशी. झुंडीच्या जागी पान वरून फुगतं, पिवळट पडतं आणि आत वळतं. म्हणून वरून काढलेल्या पहिल्या फोटोत गुंडाळलेलं पान दिसलं की ते उलगडून बघायचंच.

सुटे पांढरे कण म्हणजे माव्याने टाकलेली कात. ती पाहून पांढरी माशी आहे असं ठरवू नका. पांढरी माशी पान हलवलं की उडते, कात तिथेच राहते.

झुंडीत बारकाईने बघितलं की काही किडे टम्म फुगलेले, सोनेरी-तपकिरी आणि गुळगुळीत दिसतात. ते परोपजीवीने आतून खाल्लेले मावे असतात. पाठीवर गोल भोक असेल तर परोपजीवी बाहेरही पडलेला आहे. दोन-तीन झुंडींत असे मावे दिसू लागले, तर पुढचे काही दिवस झुंड आपोआप बारीक होण्याची बरीच शक्यता असते.

इशारा: माव्याच्या झुंडीत एक हिरवट, बिनपायाची, डोकं नसलेली, पुढून टोकदार अळी असते. सिरफिड माशीची ही अळी मावा खाऊन जगते. "माव्यासोबत डायमंड बॅकही आहे" असं म्हणून आलेल्या कित्येक फोटोंत हीच असते. डिवचल्यावर ती वळवळत नाही, हळूच सरकते. मगरीसारख्या दिसणाऱ्या काळ्या-नारिंगी अळ्या ढालकिड्याच्या असतात. त्याही मावाच खातात.

## ६. मोजणी

प्रत्येक रोपासाठी वहीत एक ओळ करा. त्यात जिवंत अळ्या लहान किती आणि मोठ्या किती, जाळीचे कोष, घट्ट पांढरे कोष, कोंबात मावा आहे का, आणि तपकिरी फुगलेले मावे आहेत का, एवढंच लिहा. पाच मिलिमीटरच्या आतली अळी लहान समजा.

पुष्कळ शिफारशींत सुरुवातीच्या अवस्थेत रोपामागे सरासरी दोन अळ्या ही फवारणीची मर्यादा धरलेली आहे. तुमच्या भागातल्या कृषी विद्यापीठाचा आकडा वेगळा असेल तर तो घ्या. माव्यासाठी मला कोंबाची अवस्था आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. गड्डा धरायच्या बेतात असताना मावा कोंबात असेल तर लगेच हालचाल करावी लागते. पानं मिटली की आतपर्यंत काहीच पोचत नाही, आणि फ्लॉवरच्या गड्ड्यात शिरलेला मावा धुऊनही निघत नाही.

## ७. निर्णय: एक उदाहरण

लावणीनंतर पाच आठवडे झालेल्या फ्लॉवरचे फोटो माझ्याकडे आले होते. सोबत एकच ओळ होती: "अळी आटोक्यात येत नाही, दोनदा फवारलं." दोन्ही वेळा सिंथेटिक पायरेथ्रॉइड वापरलेलं होतं. पहिला फोटो भोकांनी भरलेला होता आणि त्यावरून मलाही तिसरी फवारणी सुचवावीशी वाटली. मी आधी वीस रोपांची मोजणी मागितली.

मोजणीत ३४ जिवंत अळ्या निघाल्या, म्हणजे रोपामागे १.७. त्यांतल्या २६ लहान होत्या, आणि पानांत पांढुरक्या रेघा भरपूर होत्या. भोकांच्या बहुतेक कडा तपकिरी होत्या. घट्ट पांढरा कोष एकही नव्हता. वीसपैकी सात रोपांच्या कोंबात राखाडी मावा होता. त्याची नोंद फोटो पाठवणाऱ्याने केलीच नव्हती, कारण त्याचं लक्ष भोकांवर होतं.

याचा अर्थ असा. भोकं मागच्या पिढीची होती. नवी पिढी आत्ताच सुरू झाली होती आणि सरासरी मर्यादेच्या खाली असली तरी वर जाणारच होती, कारण तिला खाणारे परोपजीवी शेतात दिसत नव्हते. पायरेथ्रॉइडची फवारणी मित्रकीटकांना अळीपेक्षा आधी मारते, आणि ही अळी त्या गटाला कित्येक ठिकाणी दाद देत नाही. माव्याचाही लगाम त्याच फवारणीने सुटला असावा.

ठरलं ते असं: अळीसाठी बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी, कारण लहान अळ्यांवर ते उत्तम चालतं आणि मित्रकीटकांना धक्का लावत नाही. माव्यावर बीटीचा काहीही परिणाम होत नाही, म्हणून सात रोपांवर वेगळा उपाय. सर्वांत खराब गुंडाळलेली पानं तोडून पिशवीत भरून बाहेर काढायची, आणि उरलेल्या झुंडींवर कीटकनाशक साबणाचं द्रावण थेट मारायचं. पूर्ण शेतावर माव्याचं औषध नाही.

## ८. फवारणी करताना

बीटी अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं, म्हणून जिथे अळी खाते तिथे, म्हणजे पानाच्या खाली, ते पोचलं पाहिजे. नोझल खालून वर वळवा. मेणचट पानावरून पाणी घरंगळतं, त्यामुळे लेबलवर सुचवलेलं स्टिकर-स्प्रेडर मिसळा. आधी एका पानावर मारून बघा. पाण्याचे मणी होऊन ओघळत असतील तर स्टिकर कमी पडलंय, पातळ थर बसला तर बरोबर आहे.

वेळ संध्याकाळची ठेवा, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी बीटी लवकर निकामी होतं. द्रावण त्याच दिवशी वापरून संपवा. तांबेयुक्त बुरशीनाशकासोबत ते मिसळू नका. मात्रा लेबलवरचीच घ्या.

साबणाचं द्रावण आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. पान करपलं नाही तरच पुढे जा. भांडी घासायचा साबण किंवा कपड्याची पावडर वापरू नका. साबण माव्याच्या अंगाला लागला तरच मारतो, वाळल्यावर त्याचा परिणाम राहत नाही. म्हणून झुंड ओली होईपर्यंत मारा.

रासायनिक औषधाची वेळ आलीच तर लेबलवरचा क्रियापद्धतीचा गट क्रमांक बघा. उबदार हवेत या पतंगाची पिढी साधारण पंधरा-वीस दिवसांत पूर्ण होते. एका पिढीवर एक गट वापरला, तर पुढच्या पिढीवर दुसरा गट वापरा. बाटलीचं नाव बदललं म्हणजे गट बदलला असं नसतं, ही चूक वारंवार होते. काढणीआधी किती दिवस थांबायचं तेही त्याच लेबलवर असतं, ते पाळा.

## ९. चौथ्या दिवशी पुन्हा फोटो

फवारणीच्या आधीच दहा पानांच्या देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा आणि त्यांच्या खालच्या बाजूचे फोटो काढा. चौथ्या दिवशी त्याच पानांचे, त्याच बाजूने, पुन्हा काढा. दोन फोटो शेजारी ठेवले की नव्या खिडक्या लगेच दिसतात.

बीटी मारल्यावर दुसऱ्या दिवशी पानावर अळी दिसली म्हणून घाबरू नका. तिचं खाणं काही तासांत थांबतं, मरायला दोन-तीन दिवस लागतात. मेलेली अळी काळपट आणि लिबलिबीत होते. जिवंत दिसणाऱ्या अळीला काडी लावा. ती नेहमीसारखी वळवळली तर औषध तिच्या पोटात गेलेलं नाही किंवा तिला ते लागू पडत नाही.

वरच्या उदाहरणात चौथ्या दिवशी वीस रोपांवर सात जिवंत अळ्या होत्या, त्यांतल्या पाच मोठ्या. दोरा बांधलेल्या दहापैकी आठ पानांवर एकही नवी खिडकी नव्हती. मावा सातपैकी दोन रोपांवर उरला होता आणि एका झुंडीत तपकिरी फुगलेले मावे दिसायला लागले होते. त्या दोन रोपांवर पुन्हा साबण मारला. अळीसाठी दुसरी फवारणी केली नाही, फक्त आठव्या दिवशी पुन्हा मोजणी ठेवली.

चौथ्या दिवशी नव्या खिडक्या पूर्वीइतक्याच दिसल्या, तर आधी पानाच्या खाली द्रावणाचा थर बसला होता का ते तपासा. थर नीट बसलेला असूनही लहान अळ्या वळवळत असतील, तरच गट बदला.